फक्त इथे राहणाऱ्यांसाठी

सोसायटीची सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं, आणि एकदा झालेल्या माणसाला कुणी सोडत नाही. वार्षिक सभेत नवीन सेक्रेटरी कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या. मान खाली होती. ती संमती समजली गेली आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून इमारतीतली लहानथोर सगळी त्यांना सेक्रेटरीबाई म्हणायला लागली. घरचे मात्र आई म्हणत, किंवा काहीच म्हणत नसत. काहीच न म्हणणारे म्हणजे यजमान. त्यांनी सोसायटीचा ग्रुप फोनवर कायमचा म्यूट करून टाकला होता, आणि ही सोय घरातही असती तर बरं, अशा नजरेने ते अधूनमधून बायकोकडे पाहत.

बाई एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या. पालकांना सूचना लिहिण्यात उभं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे लिफ्ट बंद, पाणी उशिरा, टाकीची सफाई असल्या नोटिसा त्या भाजी निवडता निवडता लिहून मोकळ्या होत. पण त्या आठवड्यात जी नोटीस त्यांना लिहावी लागली, तिच्यातल्या एकेका शब्दाने त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

झालं असं, की बुधवारी शाळेत डबा उघडतात न उघडतात तोच लेकीचा फोन आला.

"आई, मी येतेय. शनिवारी. ऑफिसातून परस्पर."

"ये की. विचारतेस काय?"

"तशी नाही येत. सामान घेऊन येतेय. मागच्या वेळेसारखी."

बाईंच्या हातातला घास डब्यात परत गेला. मागची वेळ त्या विसरल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी लेक अशीच मोठी बॅग घेऊन गेटवर उभी राहिली होती. आणि या सोसायटीची एक पद्धत होती. चेअरमन साहेबांनी ती काढली होती आणि त्यांना तिचा भारी अभिमान होता. कुणी अनोळखी आलं की वॉचमनने गेटच्या फोनवर त्याचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, 'कोणाकडे?' ज्याचा पाहुणा असेल त्याने 'पाठवा' म्हणायचं. चोर येऊ नयेत म्हणून काढलेली युक्ती. चोर काही कधी फोटो काढून घ्यायला थांबला नाही, पण बाकी सगळ्यांचे पाहुणे, सासरे, कर्जवसुलीवाले आणि नवीन सोफे अख्ख्या इमारतीने बघून घेतले.

त्या दिवशी तसाच लेकीचा फोटो पडला. रडून डोळे सुजलेले, बाजूला बॅग. 'कोणाकडे?' मग काय विचारता. 'अगंबाई, ही तर आपली!' 'एवढी मोठी बॅग?' 'सगळं ठीक ना?' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. लेक लिफ्टमधून वर येईपर्यंत तिचा संसार मजल्यामजल्यावर पोचला होता. आणि तासाभरात दारात जावई हजर. त्याने हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात माफी मागितली. अर्ध्या इमारतीची दारं किलकिली झाली. लेक लाजेने अर्धमेली होऊन त्याच्या मागोमाग निघून गेली.

जावई हात उगारणारा नव्हता. तो प्रश्न विचारणारा होता. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, फोटो पाठव, मागे कोण दिसतंय, फोन का उचलला नाहीस. लेकीच्या आयुष्यात त्याने स्वतःच एक गेट बसवलं होतं आणि तिथे तोच वॉचमन होता.

"या वेळी त्याला आधी कळता कामा नये," लेक फोनवर म्हणाली. "वकीलबाई म्हणाल्यात, त्यांचं पत्र सोमवारी त्याच्या हातात पडेल. तोवर मी कुठे आहे ते कुणालाही सांगायचं नाही. तो दारात येऊन उभा राहिला तर मला नाही जमणार, आई. मी परत जाईन. मला माहितीय मी."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मागच्या वेळी त्याला कुणी सांगितलं, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या गुड मॉर्निंग काकू. रोज पहाटे फुलांची चित्रं टाकणाऱ्या. त्यांची आणि जावयाच्या मावशीची भिशी एक होती. तेव्हापासून बाईंनी त्यांच्याशी अबोला धरला होता. लिफ्टमध्ये गाठ पडली तर त्या बटणांकडे बघत राहत.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी फोन उघडला. काकूंना ग्रुपमधून काढता येईल का, असा एक दुष्ट विचार मनात होता. ग्रुपची माहिती उघडून त्यांनी पहिल्यांदाच सभासदांची अख्खी यादी खाली सरकवायला घेतली. आपल्याकडे नंबर साठवलेले असतील त्यांची नावं दिसतात, बाकीचे नुसते आकडे. प्लंबर दिसला. विम्याचा एजंट दिसला. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू दिसले, ज्यांना गाव सोडूनही जमाना झाला होता. आणि अंगठा सरकवता सरकवता एका नावावर बाईंचा हात थिजला.

'जावईबापू'.

लग्नाच्या वेळी मोठ्या कौतुकाने त्यांनीच ते नाव साठवलं होतं. बाजूला त्याच्या पांढऱ्या गाडीचा फोटो. तो ग्रुपमध्ये होता. आधीपासून होता. काकूंनी काही सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. वॉचमनने फोटो टाकला आणि त्याने तो आपल्या घरी बसून पाहिला, इतकं ते सोपं होतं.

"अहो," बाईंनी यजमानांना हाक मारली, "हा आपल्या ग्रुपमध्ये कसा?"

यजमानांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडी."

"काय गाडी?"

"लग्नानंतर यायचे रविवारी दोघं. खाली गाडी लावायचे. पार्किंगसाहेबांचा नियम नाही का? पाहुण्याने गाडी लावायची तर आधी लिफ्टमधला कोड स्कॅन करून ग्रुपमध्ये यायचं. म्हणजे गाडी आड आली की मेसेज टाकता येतो."

चेअरमन साहेबांना सगळे पाठीमागे पार्किंगसाहेब म्हणत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाड्यांचे नंबर राहत. लिफ्टमध्ये त्यांनी ग्रुपच्या लिंकचा एक चौकोनी कोड चिकटवला होता. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या कुणीही फोन समोर धरावा आणि आत यावं, ना विचारणं ना पुसणं. आत आलेला माणूस मग बाहेर जातच नव्हता, कारण त्याला बाहेर काढणं हे कुणाचंच काम नव्हतं.

"मग काढ त्याला," यजमान म्हणाले.

"तेच तर नाही ना करता येत! काढलं की ग्रुपवर ओळ पडते, अमक्याने तमक्याला काढलं. त्यालाही कळणार, मी काढलं म्हणून. दोन वर्षं ठेवला आणि आजच का काढला? त्याला तेवढंच पुरे आहे. शनिवारी तिच्याआधीच दारात येऊन बसेल."

यजमानांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "एकट्याला काढलंस तर."

बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मोजकीच कामाची वाक्यं बोलला होता, त्यांतलं हे एक होतं. एकट्याला काढलं तर दिसणार. पंचवीस-तीस जणांना एकदम काढलं, नोटीस लावून, नियम करून, तर त्यात एक जावई कुणाच्या डोळ्यात भरणार? प्लंबर, एजंट, जुने भाडेकरू आणि तो. कमिटीचा निर्णय. सेक्रेटरीचा काय संबंध!

बाईंनी कागद ओढला आणि नोटीस लिहायला बसल्या.

गुरुवारी संध्याकाळी कमिटीची बैठक बसली. कमिटी म्हणजे तिघं. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार. खजिनदारांचं चष्म्याचं दुकान होतं आणि समोरच्याच्या नाकावरच्या फ्रेमकडे बघत बोलायची त्यांना खोड होती. सोसायटीचं ऑफिस जिन्याखाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या आणि कोपऱ्यात पंपाचं बटण, जे दर थोड्या वेळाने खट्ट करून बोलण्यात तोंड घालायचं.

बाईंनी मसुदा वाचून दाखवला.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सोसायटीचा ग्रुप हा केवळ सोसायटीच्या कामासाठी आहे. नियम एक. यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील. तक्रारी कमिटीला वैयक्तिक कळवाव्यात. नियम दोन. कोणाचेही फोटो, विशेषतः लहान मुलांचे व पाहुण्यांचे, ग्रुपवर टाकू नयेत. नियम तीन. पाहुणा आल्यास वॉचमनने संबंधित घरीच इंटरकॉम करावा. नियम चार. ग्रुप फक्त इथे राहणाऱ्यांसाठी आहे. जे राहत नाहीत त्यांना काढण्यात येईल. नियम पाच. लिफ्टमधील कोड रद्द करून लिंक बदलण्यात येईल, व नवीन सभासदाला ॲडमिनच्या मंजुरीनेच प्रवेश मिळेल. तसेच प्रत्येकाने आपल्या फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो व लास्ट सीन हे 'फक्त माझे कॉन्टॅक्ट्स' असे ठेवावे, कारण ग्रुपमधील प्रत्येकाला आपला नंबर दिसतो."

पंप खट्ट झाला.

"हे काय काढलंय वहिनी?" साहेब म्हणाले. "सगळं सुरळीत चाललंय. फोटोची पद्धत बंद? अहो, त्या पद्धतीमुळे चोरी झाली नाही आपल्याकडे!"

"आधीही झाली नव्हती," साहेबांच्या चष्म्याच्या फ्रेमला खजिनदार म्हणाले.

"आणि प्लंबरला काढायचं? नळ तुटला तर बोलवायचं कुणाला?"

"फोन करायचा," बाई म्हणाल्या. "नळ तुटल्याचं सत्तर घरांना कळायची गरज नाही."

साहेब हट्टाला पेटले. वॉचमन नवे-जुने येतात, पार्किंगची शिस्त बिघडेल, लोक ओरडतील. खरं कारण सांगावं तर तोंडातून सुटलेली गोष्ट कुठवर जाईल याचा नेम नाही. न सांगावं तर शनिवार उजाडणार. खुर्चीची कड धरून त्या म्हणाल्या, "साहेब, वाद नको. यादी उघडा तुमच्या फोनवर. कोण कोण आहे, एकदा वाचू आपण. कुणी बाहेरचं नसेल तर मी ही नोटीस आत्ता फाडते."

साहेबांनी मोठ्या आत्मविश्वासाने फोन उघडला आणि वाचायला लागले. प्लंबर. गाद्या विकणारा. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा शिकवणीवाला, मुलगी शिकून नोकरीला लागली तरी अजून आहेच. दोन जुने भाडेकरू. मग साहेब एकदम थांबले.

"हा माझा ड्रायव्हर."

"तुमचा ड्रायव्हर आहे?" खजिनदारांनी विचारलं.

"होता. काढलेला. भांडून गेलेला." साहेबांचा आवाज खाली आला. "मागच्या महिन्यात आम्ही सगळे आठ दिवस बाहेर होतो तेव्हा मी ग्रुपवर टाकलं होतं. घर बंद आहे, किल्ली गेटवर ठेवलीय म्हणून."

"वाचलं असेल त्याने," खजिनदार शांतपणे म्हणाले.

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. चोरांना शोधायला त्यांनी गेटवर फोन ठेवला आणि आपल्या घराची किल्ली कुठे आहे ते ज्याच्याशी वाकडं त्यालाच कळवून मोकळे झाले. बाईंना हसू आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. साहेब आता मुकाट्याने पुढे वाचत होते. आकडे, आकडे, आणि मग अंगठा पुन्हा थांबला. त्यांच्या फोनवर नाव नव्हतं, नुसता नंबर आणि बाजूला पांढऱ्या गाडीचा फोटो.

गाडीची पाटी त्या फोटोत पूर्ण दिसत होती. साहेबांचे ओठ हलले. ते ती पाटी मनातल्या मनात वाचत होते. ही गाडी कुठे लागायची, कुणाबरोबर यायची, आणि दोन वर्षांपूर्वी त्या एका दिवशी कशी आडवीतिडवी येऊन साहेबांच्याच जागेत लागली होती, हे साहेबांना आठवत नसेल तर ते पार्किंगसाहेब कसले?

साहेबांनी मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. बाईंना नजर वळवता आली नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो फोटो, ती बॅग, ती हात जोडलेल्या चित्रांची रांग, सगळं त्या जिन्याखालच्या खोलीत येऊन उभं राहिल्यासारखं झालं.

"याला मीच घेतलं होतं," साहेब पुटपुटले. "कोड मीच स्कॅन करायला लावला. गाडी लावायची म्हणून."

"कोण आहे?" खजिनदारांनी विचारलं.

"बाहेरचा," साहेब म्हणाले. "आणा ती नोटीस. सही करतो. पण काढायचं काम तुम्ही नका करू वहिनी. चेअरमन मी आहे. मी काढतो, सगळ्यांना एकदम, माझ्या फोनवरून."

सही करताना त्यांचं पेन कागदात रुतलं. बाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि घटाघटा रिकामी केली.

शुक्रवारी सकाळी नोटीस बोर्डावर लागली आणि ग्रुपवरही पडली. साहेबांनी खाली लिहिलं, 'नियम चारप्रमाणे बाहेरच्या सर्वांना काढत आहे. गैरसमज नसावा.' मग एकामागोमाग ओळी पडत गेल्या. प्लंबर गेला, गाद्यावाला गेला, ड्रायव्हर गेला. त्या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी एक नंबर गेला, तो बाईंखेरीज फारसा कुणी पाहिला नसेल. खजिनदारांनी दुकानातलं पातं आणून लिफ्टमधला कोड खरवडला आणि बाईंनी लिंक बदलली. जुना कोड कुणाकडे फोटो काढून ठेवलेला असला तरी आता त्याने दार उघडणार नव्हतं. मग त्यांनी ते बटण दाबलं, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. शनिवारी पहाटे इमारतीत पहिल्यांदाच एकही फूल उगवलं नाही.

लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग काकू भेटल्या. चेहरा पडलेला. बाईंनी बटणांकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. दोन वर्षं बिचारीला उगाच गुन्हेगार धरलं होतं.

"काकू, तुमची फुलं मला पाठवत जा ना. माझ्या नंबरवर," बाई म्हणाल्या.

काकूंचा चेहरा असा खुलला, की बाईंना आपलीच लाज वाटली.

जुना फोटो मात्र पुसता आला नव्हता. बाईंनी ग्रुपमध्ये मागे मागे जाऊन तो शोधला, धरून दाबला, पण इतक्या जुन्या मेसेजला फक्त आपल्या फोनवरूनच काढता येतं, सगळ्यांच्या फोनवरून नाही. तो कुणाकुणाकडे राहणारच होता. बाईंनी तो आपल्या फोनवरून तरी काढला. नोटिशीत त्यांनी एक ओळ वाढवली होती, पाहुण्यांचे जुने फोटो सर्वांनी आपापल्या फोनमधून काढून टाकावेत. किती जण ऐकतील कोण जाणे.

शनिवारी दुपारी लेकीचा मेसेज आला, 'निघाले.' बाईंनी खोली आवरली, चादर बदलली, मग पुन्हा बदलली. यजमानांनी कपाटातला लेकीचा जुना टेबललॅम्प काढून त्यात दिवा बसवला आणि तो लागतो का ते वारंवार पाहत राहिले. 

आणि एवढ्यात ग्रुपचा टण्ण आवाज झाला.

बाईंनी फोन उचलला. फोटो होता. गेटवरचा. खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस आणि खाली, 'कोणाकडे?'

ग्रुप बंद केला होता ना? फक्त ॲडमिन पाठवू शकतात ना? बाईंनी यादी उघडली. वरती, चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, आणि चौथा, गेटचा फोन. नावापुढे ठळक लिहिलेलं, ॲडमिन.

साहेबांनीच कधीतरी केलं होतं ते, गेटचा फोन महत्त्वाचा म्हणून. इमारतीतल्या एकूण एक माणसाचं तोंड बाईंनी बंद केलं होतं आणि ज्या फोनमुळे हा सगळा खटाटोप, त्याला मात्र बोलायची मुभा ठेवली होती! यादी वाचताना सगळे बाहेरच्यांना शोधत होते. गेट आतलंच, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. शिवाय शनिवारी बदलीचा वॉचमन असतो. त्याने नोटीस वाचलेली असणं शक्यच नव्हतं.

"अहो, इंटरकॉम लावा गेटला!" बाई ओरडल्या. "फोटो टाकू नको म्हणावं!"

"बिझी आहे," यजमान रिसीव्हर कानाला लावून म्हणाले.

बाईंनी आधी शिडीवाल्याचा फोटो सगळ्यांसाठी काढून टाकला. मग गेटच्या फोनवर बोट दाबून धरलं. ॲडमिनपद काढा. फोनने विचारलं, नक्की का? या जगात इतका मूर्ख प्रश्न दुसरा नसेल. बाईंनी 'हो' दाबलं आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसल्या. पुढचा टण्ण आवाज येतो की काय, म्हणून त्या फोनकडे पाहत राहिल्या. तो आला नाही. खालून रस्त्यावरून एक रिक्षा गेली. नळाचं पाणी ठिबकत होतं. फोन गप्प होता.

मग इंटरकॉम वाजला. यजमानांनी उचलला आणि काही न बोलता रिसीव्हर बाईंच्या हातात दिला.

"वहिनी," आवाज वॉचमनचा नव्हता, साहेबांचा होता. "तुमच्याकडे पाहुण्या..." ते थांबले. घसा खाकरला. "पाहुण्या नाही. ताई आल्यात आपल्या. वर पाठवतोय."

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आधी बॅग बाहेर आली आणि तिच्यामागून लेक. डोळे कोरडे होते. दारात येऊन तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बाईंना तिच्या अंगाचा तो ओळखीचा जडपणा जाणवला, शाळेतून दमून यायची तेव्हाचा. आत्ता मात्र बाईंना धीर धरवला नाही. त्या हमसून हमसून रडल्या. लेकच त्यांची पाठ थोपटत राहिली.

"आई, अगं पुरे. मी आले ना."

"फोटो काढला का गं तुझा खाली?"

"काढला की! मला वाटलं, झालं पुन्हा तेच. पण तो वॉचमन फोन बडवत बसला. म्हणतो, साहेब, फोटो जातच नाही, फक्त ॲडमिन पाठवू शकतात असं येतंय. तिथे ते काका उभे होते ना, गाड्यांवरून ओरडणारे? त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला, माझा फोटो माझ्यासमोर डिलीट केला आणि म्हणाले, नाहीच जायचा. बोर्डावर वाच काय लिहिलंय." लेक हसली. कितीतरी दिवसांनी. "माझी बॅग लिफ्टपर्यंत त्यांनीच आणली. मला एक प्रश्न विचारला नाही, आई. एकही नाही."

यजमानांनी बॅग उचलली आणि खोलीत नेली. आतून दिवा लावल्याचा खट्ट आवाज आला, आणि मग नाक शिंकरल्याचा.

चहा झाला. सोमवारी पत्र पोचेल, वकीलबाई काय काय म्हणाल्या, ते सगळं बोलून झालं. जावयाला कळेल तेव्हा कळेल, पण ते कागदातून कळेल, दारात उभं राहून नाही. लेक गॅलरीतून खाली बघत कप फिरवत होती. मग सहज विचारावं तशी म्हणाली,

"सोसायटीचा तो ग्रुप अजून आहे का गं?"

बाई चपापल्या. "आहे. तोही होता त्यात, साहेबांनी काढलाय. पण तुला नाही हं घालणार. तू काळजी करू नकोस."

"खाली बोर्डावर वाचलं मी, लिफ्टची वाट बघताना. तू लिहिलंयस ना? कळलंच मला. 'कळविण्यात येते की.'" लेकीने कप ठेवला. "नियम चार काय आहे?"

"ग्रुप फक्त इथे राहणाऱ्यांसाठी आहे."

"मग मला लिंक पाठव. तो यात नाही ना, मग इथल्यांपासून नाही लपायचं मला."

बाईंनी नवी लिंक पाठवली. लेकीने आधी आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो, लास्ट सीन सगळं नोटिशीत लिहिल्याप्रमाणे नीट लावलं, हेडक्लार्कची मुलगी. मग लिंक दाबली. 'विनंती पाठवली' असं आलं.

"आता तू मंजूर कर."

बाई चष्मा शोधायला लागल्या. टेबलावर नाही, उशीखाली नाही. डोळ्यांना पाण्याने काही दिसत नव्हतं आणि त्यांचा चष्मा यजमानांनीच चढवून कपाळावर ढकलला होता, हे कळायला वेळ लागला.

"राहू दे आई," लेक फोनकडे बघत म्हणाली. "झालं. साहेबांनी घेतलं मला."

ग्रुपवर एक ओळ पडली होती, लेक आल्याची. साऱ्या इमारतीने ती पाहिली असणार. मजल्यामजल्यावर अंगठे शिवशिवले असणार. पण कुणालाच काही लिहिता येत नव्हतं.

"म्यूट कर लगेच," यजमान म्हणाले.

"नाही हो बाबा," लेक म्हणाली. "मी इथे राहते ना आता? पाणी कधी येणार ते मला कळायला नको?"